‘झोप कशी लागेल?’ याचे विधानार्थी वाक्य ‘लागत नाही’ की ‘लागणार नाही’?

विश्रामबागची आई

नमस्कार. माझी मुलगी सांगलीतील एका शाळेत दहावीत शिकते. परवाच्या चाचणीत वाक्यरूपांतराचा प्रश्न होता आणि त्यात पुढील वाक्य विधानार्थी करण्यास सांगितले होते: ‘कृष्णेला पूर आल्यावर काठावरच्या माणसाला झोप कशी लागेल?’ मुलीने लिहिले, ‘कृष्णेला पूर आल्यावर काठावरच्या माणसाला झोप लागत नाही.’ बाईंनी अर्धा गुण कापला आणि समासात ‘लागणार नाही’ एवढेच लिहिले. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवून प्रश्नचिन्हाच्या जागी पूर्णविराम दिला होता, त्याला शून्य मिळाले. त्याचे उत्तर चूक आहे हे मला कळते, पण का चूक आहे हे मुलीला समजावून सांगता येईना. शिवाय वाक्यात नसलेले ‘नाही’ उत्तरात येते कोठून, असे तिने विचारले तेव्हा मी निरुत्तर झाले. अर्ध्या गुणासाठी भांडायचे नाही, परंतु या रूपांतरामागचा नियम काय आहे, हे कोणी नीट सांगेल का?

हळदपेठ

ताई, यात अवघड काही नाही. प्रश्नात ‘नाही’ नसेल तर विधानात ‘नाही’ घालायचे आणि प्रश्नात ‘नाही’ असेल तर विधानातून ते काढून टाकायचे. आम्हाला शाळेत एवढेच शिकवले होते आणि त्यावर आम्ही पैकीच्या पैकी गुण मिळवले. तुमच्या मुलीने ‘नाही’ घातले आहे, म्हणजे तिचे उत्तर बरोबर आहे. बाईंनी गुण द्यायला हवा होता.

कृष्णाकाठ

पूर आला आहे का? आमच्याकडे अजून तसे काही कळलेले नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, त्यामुळे पाणी ४० कडे सरकू लागले की झोपेचा विचार सोडूनच द्यावा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी ‘बघू सकाळी’ म्हटले, त्यांना सकाळी माडीवरून उतरता आले नाही. आमच्या गल्लीत तेव्हापासून एक कागद चिकटवलेला आहे, तो येथे देतो: ‘पाणी वाढू लागताच जनावरे सोडा. कागदपत्रे उंचावर ठेवा. मेन स्विच बंद करा. शेजाऱ्यांना कळवा. पुलावर गाड्या नेऊ नका.’ विश्रामबाग नदीपासून लांब आहे, तरी नातेवाईक गावभागात असतील तर त्यांना हे अवश्य पाठवा.

विश्रामबागची आई

आपली काळजी पोहोचली, परंतु पूर फक्त प्रश्नपत्रिकेत आला आहे. तरीही आपला कागद जपून ठेवते.

संगममाहुली

मी साताऱ्यात मराठी शिकवून निवृत्त झालो. हे वाक्य चाचणीसाठी चांगले निवडले आहे, कारण त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. एक, ‘नाही’ का येते. आणि दुसरा, ‘नाही’ आल्यावर क्रियापदाचे रूप कोणते घ्यायचे. गुण दुसऱ्या प्रश्नावर कापला गेला आहे, म्हणून दोन्ही वेगळे पाहू.

‘झोप कशी लागेल?’ असे म्हणणाऱ्याला उत्तर नको आहे. कोणी त्याला ‘गोळी घेतल्यावर लागेल’ असे सांगू लागले तर तो चिडेल. त्याचे मत आधीच ठरलेले आहे, ते त्याने प्रश्नाच्या वेशात मांडले आहे इतकेच. अशा प्रश्नाचे मराठीत एक ठरलेले वळण आहे: बाहेरून होकार दिसला तर आत नकार असतो आणि बाहेरून नकार दिसला तर आत होकार असतो. विधानार्थी करताना आतला अर्थ बाहेर आणायचा असल्यामुळे ‘नाही’ प्रकट होते. आपल्या मुलीला सांगा की ते उत्तरात नव्याने आलेले नाही. ते प्रश्नात होतेच, फक्त ‘कशी’ या शब्दात दडलेले होते. शेजारच्या मुलाने ‘कशी’ तसाच ठेवून टोपी काढावी तसे केवळ चिन्ह काढले. त्यामुळे त्याचे वाक्य धड प्रश्नही राहिले नाही आणि धड विधानही झाले नाही.

आता हळदपेठ यांच्या नियमाविषयी. तो अर्धा खरा आहे. त्यांनी कृपया पुढील वाक्यावर तो लावून दाखवावा: ‘सातारचे कंदी पेढे कोणाला आवडत नाहीत?’

हळदपेठ

लावला. ‘नाहीत’ काढले. ‘सातारचे कंदी पेढे कोणाला आवडतात.’ आता हे वाचल्यावर काहीतरी अडते आहे हे मान्य, परंतु शेवटी एखाद-दुसरा शब्द इकडे तिकडे करायचा असतोच. नियम चुकीचा नाही.

संगममाहुली

तो एखाद-दुसरा शब्द म्हणजेच उत्तर आहे. ‘सातारचे कंदी पेढे सर्वांना आवडतात’ हे योग्य रूपांतर. ‘नाही’ गेल्याबरोबर ‘कोणाला’ या प्रश्नाच्या शब्दालाही जागा सोडावी लागते आणि त्याच्या जागी ‘सर्वांना’ येतो. याउलट ‘लढाई कोणाला हवी असते?’ याचे विधान ‘लढाई कोणालाही नको असते’ असे होते. येथे ‘नाही’ आलेच नाही, कारण ‘हवी’ची नकाराची जोडी ‘नको’ आहे. म्हणून मी वर्गात ‘नाही घाला, नाही काढा’ असे कधी सांगितले नाही. ‘अर्थ उलटा आणि मग प्रश्नाच्या शब्दाची सोय लावा’ असे सांगत असे. प्रश्नात नकार नसेल तर ‘कोण’चे ‘कोणीही’, ‘कधी’चे ‘कधीही’, ‘कोठे’चे ‘कोठेही’ होते आणि पुढे नकार येतो. प्रश्नात नकार असेल तर त्याच शब्दांचे ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘सगळीकडे’ होते आणि पुढे होकार येतो. ‘मी कधी खोटे बोललो?’ याचे ‘मी कधीही खोटे बोललो नाही’ होईल आणि ‘तो कधी मदतीला आला नाही?’ याचे ‘तो नेहमी मदतीला आला’ होईल.

उलट दिशेनेही हेच करून पाहावे, म्हणजे पक्के होते. ‘सांगलीची हळद सगळीकडे प्रसिद्ध आहे’ हे वाक्य प्रश्नार्थी करायचे असेल तर ‘सांगलीची हळद कोठे प्रसिद्ध नाही?’ असे होईल, किंवा ‘सांगलीची हळद सगळीकडे प्रसिद्ध नाही का?’ असेही चालेल. मात्र बरीच मुले ‘सांगलीची हळद प्रसिद्ध आहे का?’ असे लिहितात. त्यात लिहिणाऱ्याला खरोखरच शंका आहे असे दिसते, म्हणजे अर्थ बदलला. हळदपेठ यांना तर हे वाक्य सहन होणार नाही.

हळदपेठ

ते वाक्य लिहिणाऱ्याला बाजार समितीत घेऊन या, बाकीचे आम्ही बघतो. सर, तुमचे म्हणणे पटले, पण माझ्या नियमाने दहापैकी आठ वाक्ये सुटतात हेही खरे आहे.

विश्रामबागची आई

सर, पहिला भाग मुलीला वाचून दाखवला. ‘कशीमध्ये दडलेले’ हे तिला लगेच कळले. आता ‘लागत नाही’ आणि ‘लागणार नाही’ यांविषयी सांगावे. तिचे म्हणणे असे की मूळ वाक्यात ‘लागणार’ हा शब्दच नाही, मग तो बाईंनी आणला कोठून?

संगममाहुली

मुलीची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मराठी क्रियापदाच्या एका खोडीत आहे. ‘लागते’ला नकार लावायचा तर ‘लागत नाही’ होते. ‘लागली’ला लावायचा तर ‘लागली नाही’. पण ‘लागेल’ला ‘नाही’ लावून पाहा: ‘लागेल नाही’ असे कोणीही म्हणत नाही. ‘मी जाईन’ याचा नकार ‘मी जाईन नाही’ होत नाही, ‘मी जाणार नाही’ असाच होतो. भविष्यकाळाचे हे रूप ‘नाही’ला जवळ येऊ देत नाही, म्हणून नकारात ते ‘-णार’चा आधार घेते. ‘असेल’चे मात्र ‘नसेल’ असे स्वतःचे रूप आहे. म्हणजे बाईंनी ‘लागणार’ बाहेरून आणलेले नाही. ‘लागेल’ची नकारातली जोडीच ती आहे. मूळ क्रियापद भविष्यकाळी असल्यामुळे त्यांनी काळ राखण्याचा आग्रह धरला आणि परीक्षेत ‘अर्थ न बदलता’ अशी सूचना असते तेव्हा हा आग्रह चुकीचा म्हणता येत नाही.

तरीही मी तो अर्धा गुण कापला नसता. या वाक्यातले ‘लागेल’ उद्याच्या एखाद्या रात्रीविषयी बोलत नाही. पूर आला की काय होते, हे ते सांगते. त्यात काळापेक्षा शक्यता जास्त आहे. ‘झोप लागणे शक्य नाही’ हे कदाचित सर्वांत जवळचे रूपांतर ठरेल. त्या दृष्टीने ‘लागत नाही’ या नेहमीची गोष्ट सांगणाऱ्या रूपाने अर्थ फारसा हललेला नाही. परंतु ‘आज रात्री पाणी वाढले तर मला झोप कशी लागेल?’ असे वाक्य असते, तर ‘लागत नाही’ हे उत्तर मीही चूक धरले असते, कारण तेथे एकाच येणाऱ्या रात्रीविषयी बोलणे आहे. मुलीला सांगा की उत्तर लिहिल्यावर मूळ वाक्याचे क्रियापद आणि आपले क्रियापद एकाखाली एक लिहून बघावे. जोडी जुळत असेल तर तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा राहत नाही.

कराडचा उमेदवार

सर, मी राज्यसेवेची तयारी करतो. माझी अडचण थोडी निराळी आहे, पण येथेच विचारतो. सराव प्रश्नसंचात ‘तो कोठे गेला हे मला ठाऊक नाही’ या वाक्याचा प्रकार विचारला होता. मी ‘कोठे’ बघून प्रश्नार्थी लिहिले आणि ते चुकले. दुसऱ्या एका प्रश्नात ‘मुलांनी रोज व्यायाम करावा’ याला एका संचात विधानार्थी म्हटले आहे आणि दुसऱ्या संचात विध्यर्थी. दोन्ही एकदम कसे बरोबर असतील? तिसरे म्हणजे, उद्गारार्थी वाक्यालाही अर्थ उलटण्याचा नियम लावायचा का? ‘किती हुशार आहे ही मुलगी!’ याचे ‘ही मुलगी हुशार नाही’ असे तर होणार नाही ना?

संगममाहुली

पहिले वाक्य सरळ विधान आहे. ‘कोठे’ येथे प्रश्न विचारत नाही, ते ‘ठाऊक नसण्याचा’ विषय सांगते. त्याचप्रमाणे ‘मिरजेची गाडी कधी येते ते सांग’ यात ‘कधी’ असूनही वाक्य आज्ञार्थी आहे, कारण शेवटचे क्रियापद ‘सांग’ आहे. प्रश्नाचा शब्द दिसला म्हणून थांबू नका. मुख्य क्रियापद ऐकणाऱ्याकडून काय मागते ते पाहा.

दुसऱ्या प्रश्नात दोन निराळी मोजमापे एकमेकांत मिसळली आहेत. आशयावरून पाहिले तर विधान, प्रश्न आणि उद्गार असे गट पडतात. क्रियापदाच्या रूपावरून पाहिले तर स्वार्थी, आज्ञार्थी, विध्यर्थी आणि संकेतार्थी असे पडतात. ‘मुलांनी रोज व्यायाम करावा’ हे पहिल्या मापाने विधानार्थी आहे आणि दुसऱ्या मापाने विध्यर्थी आहे. माणूस एकाच वेळी सातारकर आणि शिक्षक असू शकतो, तसेच. गोंधळ यासाठी होतो की शाळेत आज्ञार्थीला अनेकदा पहिल्याच गटात आणून बसवतात. तुम्ही पर्याय वाचताना चारही पर्याय कोणत्या मापातले आहेत ते आधी पाहत जा.

उद्गाराविषयी लिहायला थोडा वेळ लागेल. उद्या लिहितो.

मिरजवाली

सरांचे उत्तर येईपर्यंत मी एक वाक्य टाकून ठेवते. आमच्या रस्त्याचे काम नुकतेच झाले आणि पहिल्या पावसात तो उखडला. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘काय पण रस्ता केला आहे!’ हे विधानार्थी करून दाखवा. ‘रस्ता खूप चांगला केला आहे’ असे लिहिले तर काकू मला घरात घेणार नाहीत.

संगममाहुली

मिरजवाली यांचे वाक्य मोठे मार्मिक आहे, त्याकडे शेवटी येतो.

उद्गारार्थी वाक्याचे विधान करताना साधारणपणे अर्थ उलटत नाही. ‘किती हुशार आहे ही मुलगी!’ याचे ‘ही मुलगी खूप हुशार आहे’ एवढेच होते. ‘अबब’, ‘अहाहा’, ‘शाब्बास’ असे शब्द गळतात, ‘किती’, ‘केवढा’, ‘काय’ यांच्या जागी ‘खूप’, ‘फार’, ‘अतिशय’ येतात आणि क्रियापद नसेल तर ते घालावे लागते. ‘केवढा उंच हा अजिंक्यतारा!’ याचे ‘हा अजिंक्यतारा खूप उंच आहे’. कधी विशेषणही आपल्यालाच पुरवावे लागते. ‘काय हा पाऊस!’ या वाक्यात पाऊस जोरदार आहे, कंटाळवाणा आहे की अवेळी आहे, हे बोलणाऱ्याच्या तोंडावरूनच कळते. परीक्षेत ‘हा पाऊस खूप जोराचा आहे’ लिहावे, पण दुसऱ्याने ‘फार लांबलेला आहे’ लिहिले तर ते चूक ठरवायला माझ्याकडे आधार नाही.

उमेदवारांनी मात्र अशा वाक्यांपासून सावध राहावे: ‘आता रडून काय उपयोग!’ आणि ‘असा माणूस किती दिवस टिकणार!’ चिन्ह उद्गाराचे आहे, पण वळण त्या झोपेच्या वाक्याचे आहे. यांची विधाने ‘आता रडून काही उपयोग नाही’ आणि ‘असा माणूस फार दिवस टिकणार नाही’ अशी होतात; अर्थ उलटतो. ओळखण्यासाठी मी मुलांना एक युक्ती देत असे. ‘काय’ किंवा ‘किती’ काढून तेथे ‘खूप’ घालून वाचायचे. ‘ही मुलगी खूप हुशार आहे’ म्हटल्यावर बोलणाऱ्याचे मत तेच राहते, म्हणून उलटायचे नाही. ‘आता रडून खूप उपयोग आहे’ म्हटल्यावर मत पार फिरते, म्हणून उलटायचे. चिन्हावर विसंबून राहिले की येथे हमखास फसगत होते.

काकूंच्या वाक्यात उपहास आहे. शब्दांच्या घडणीवरून ते कौतुक वाटते, परंतु ‘काय पण’मधला ‘पण’ कौतुकाला चिमटा काढतो. ‘काय रस्ता केला आहे!’ यात अजून खरे कौतुक असू शकते. ‘काय पण रस्ता केला आहे!’ यात ते क्वचितच असते. म्हणून विधान ‘रस्ता अतिशय वाईट केला आहे’ असेच करावे लागेल. ‘खूप’ची युक्ती येथे अर्धीच चालते: मत फिरले हे ती दाखवते, पण ‘नाही’ घालण्याऐवजी विरुद्ध विशेषण घ्यावे लागते हे सांगत नाही.

हळदपेठ

म्हणजे सरांचा नियमही दहापैकी आठच वाक्ये सोडवतो.

संगममाहुली

बरोबर आहे. उरलेल्या दोघांसाठी कान लागतो.

विश्रामबागची आई

सर, एक शेवटची गोष्ट. पुढच्या चाचणीत आज्ञार्थीचे विधानार्थी आहे. मुलगी सगळीकडे ‘पाहिजे’ लावते. ‘पत्र लिहा’ याचे ‘पत्र लिहायला पाहिजे’. हे चालते का?

संगममाहुली

अर्थ पोहोचतो, पण ‘पाहिजे’ने आज्ञेतला समोरचा माणूस नाहीसा होतो. पत्र कोणी लिहायचे? ‘-आवे’चे रूप घेतले की कर्ता परत आणता येतो. यासाठी कृष्णाकाठ यांनी चुकून आपल्याला उत्तम पाठ दिला आहे, तोच घेऊ. त्यांच्या कागदावरील पाचही वाक्ये आज्ञार्थी आहेत.

आज्ञेत ‘सोडा’, ‘ठेवा’, ‘करा’ ही रूपे कर्म कोणतेही असो, तशीच राहतात. विधान करताना कर्ता ‘नागरिकांनी’ असा ‘-नी’ घेतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जाऊ लागते. सगळी मेख येथे आहे. ‘जनावरे सोडा’ याचे ‘नागरिकांनी जनावरे सोडावीत’, ‘कागदपत्रे उंचावर ठेवा’ याचे ‘कागदपत्रे उंचावर ठेवावीत’, पण ‘मेन स्विच बंद करा’ याचे ‘मेन स्विच बंद करावा’, कारण स्विच आपण पुल्लिंगी धरतो. कागदपत्रांच्या जागी ‘पिशव्या’ असत्या तर ‘ठेवाव्यात’ झाले असते. ‘शेजाऱ्यांना कळवा’ येथे मात्र कर्माला ‘-ना’ लागलेला असल्यामुळे क्रियापद त्याच्या मागे जात नाही आणि ‘शेजाऱ्यांना कळवावे’ असे नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते. मुले येथे ‘शेजाऱ्यांना कळवावेत’ लिहितात, तो अनेकवचनाचा मोह टाळायला सांगा.

राहिले ‘पुलावर गाड्या नेऊ नका’. झोपेच्या वाक्यात ‘लागेल’ने जशी आपली जोडी बदलली, तशीच येथेही बदलते. ‘न्यावे’चा नकार ‘न्यावे नाही’ होत नाही, ‘नेऊ नये’ होतो. म्हणून ‘नागरिकांनी पुलावर गाड्या नेऊ नयेत’. गाडी एक असती तर ‘नेऊ नये’. आज्ञार्थीत नकार ‘नका’ किंवा ‘नको’ने होतो, विध्यर्थीत ‘नये’ने आणि भविष्यकाळात ‘-णार नाही’ने. मुलीने एवढ्या जोड्या तोंडपाठ केल्या तर नकाराचे अर्धे अधिक गुण कापले जाणे थांबेल.

कराडचा उमेदवार

सर, पण एका मार्गदर्शकात ‘मुलांनो, रोज व्यायाम करा’ याचे विधानार्थी ‘मुलांनी रोज व्यायाम करणे आवश्यक आहे’ असे दिले आहे, ‘करावा’ नाही. मग बरोबर कोणते?

संगममाहुली

मला दोन्ही मान्य आहेत, परंतु तपासणाऱ्यांत एकमत नाही. काहींच्या मते ‘करावा’ म्हणजे आज्ञेतून निघून विध्यर्थात जाणे, शुद्ध विधानात नव्हे. म्हणून ते ‘आवश्यक आहे’ मागतात. माझा आक्षेप इतकाच की उपदेश, विनंती आणि प्रार्थना यांना ‘आवश्यक’ शोभत नाही. ‘देवा, मला सद्बुद्धी दे’ याचे ‘देवाने मला सद्बुद्धी द्यावी’ होते. ‘देवाने मला सद्बुद्धी देणे आवश्यक आहे’ हे वाक्य देवाला नोटीस बजावल्यासारखे वाटते. तुमच्या परीक्षेत दोन्ही पर्याय समोर आले तर आधी पाहा की ते वाक्य आज्ञेचे आहे की विनंतीचे.

मिरजवाली

मग आमच्याकडचे ‘बसा की’ कोणत्या खान्यात टाकणार? पाहुणा दारात उभा असला की आपण ‘बसा की’ म्हणतो आणि तो निघायला लागला की ‘थांबा की जरा’. ‘आपण बसावे’ असे विधान केले तर ‘की’मधला सगळा आग्रह जातो. आणि सातारच्या गाडीत वाहक म्हणतो, ‘पुढे सरकता का जरा?’ तो तर चक्क प्रश्न आहे. सरांच्या नियमाने त्याचा अर्थ उलटला तर ‘आपण पुढे सरकत नाही’ असे होईल!

संगममाहुली

वाहकाचा प्रश्न उत्तर मागत नाही आणि मतही मांडत नाही. तो कृती मागतो. म्हणजे प्रश्नाचे तीन प्रकार झाले: माहिती विचारणारा, मत सांगणारा आणि विनंती करणारा. ‘साताऱ्याची गाडी किती वाजता सुटते?’ यासारख्या पहिल्या प्रकाराचे विधान होत नाही. कोणी ते करायला सांगितलेच तर ‘साताऱ्याची गाडी किती वाजता सुटते हे मला जाणून घ्यायचे आहे’ असे ओढूनताणून करावे लागते. काही पुस्तकांत ‘तू उद्या येशील का?’ याचे ‘तू उद्या येशील’ असे दिलेले असते. तेथे आपण समोरच्याच्या वतीने उत्तर देऊन टाकतो, त्याला मी रूपांतर मानत नाही. दुसऱ्या प्रकारात अर्थ उलटतो. तिसऱ्यात तो उलटत नाही, ‘आपण जरा पुढे सरकावे’ असे होते. झोपेच्या वाक्याची कसोटी येथेही चालते: ‘हो, सरकतो’ असे म्हणून प्रवासी जागीच उभा राहिला, तर वाहकाचे समाधान होईल का?

‘बसा की’ आज्ञार्थी आहे यात शंका नाही, परंतु त्यातल्या ‘की’ला विधानात कोठे ठेवायचे हे मला सुचलेले नाही. ‘कृपया बसावे’ मध्ये आदर आहे, पण ओढ नाही. ‘आपण बसावेच’ म्हटले तर आग्रह येतो, पण जरा दटावल्यासारखा.

हळदपेठ

‘आपण बसावे, ही विनंती’ असे लिहा. आमच्या लग्नपत्रिकांत ‘अगत्य येण्याचे करावे’ असतेच की.

मिरजवाली

पत्रिकेतले ‘अगत्य येण्याचे करावे’ वाचून जेवढे लोक येतात, त्याहून जास्त दारातल्या ‘या की’ला येतात. त्यामुळे हे रूपांतर मी मान्य करणार नाही.

विश्रामबागची आई

‘की’चा निकाल लागेपर्यंत मुलीला कृष्णाकाठ यांच्या कागदातील पाच वाक्ये दिली होती. चार बरोबर आली. ‘शेजाऱ्यांना कळवावेत’ असेच तिने लिहिले होते. खोडून ‘कळवावे’ केले. आता ‘कोणालाही’ आणि ‘सर्वांना’ यांची वाक्ये घेऊन बसली आहे. ‘पुराच्या रात्री कोण जागे नव्हते?’ असे वाक्य तिने स्वतःच तयार केले आणि त्याचे ‘पुराच्या रात्री सर्व जण जागे होते’ असे केले. बरोबर आहे ना, सर?

संगममाहुली

बरोबर आहे. ‘नव्हते’ची होकाराची जोडी ‘होते’ तिने नेमकी घेतली आहे, काळही राखला आहे. फक्त तिला विचारा की ‘पुराच्या रात्री कोण जागे होते?’ हे वाक्य ती मत मांडण्यासाठी वाचते की नावे विचारण्यासाठी, आणि दोन्ही वाचनांत काय लिहील.